दुरुस्तीच्या मेलमध्येच दुसरी चूक करणार होतो

मशीन लर्निंगच्या नोकरीसाठी खानापूरच्या घरातून दिलेला ऑनलाइन इंटरव्ह्यू. प्रश्न सोपा होता: फीचर खूप आहेत, निम्मी बिनकामाची, कोणतं रेग्युलरायझेशन, म्हणजे वेटवरचा कोणता दंड लावाल? मी ठोकून दिलं, "एल-टू. नको त्या फीचरचं वेट शून्य होतं." मॅडम "बरं" म्हणून पुढे गेल्या. कॉल संपला आणि चहाचा कप हातात घेताना आठवलं, शून्य करतं ते एल-वन!

अशा वेळी मेल पाठवावा का? पाठवा, आणि त्याच दिवशी. पण जीभ घसरून एखादा शब्द चुकला असेल तर गप्प बसा. संकल्पनाच उलटी सांगितली असेल, तरच लिहा.

माझ्या पहिल्या मसुद्यात चार ओळी माफी होती आणि खाली एक कारण: "एल-वन जास्त कडक असल्यामुळे वेट शून्य होतं." बेळगावातल्या अण्णाला, म्हणजे चुलतभावाला, दाखवलं. तो म्हणाला, "आणि वेट मोठं असलं तर?" मी गप्प. पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांच्या पीडीएफनं माझा इथेच घात केला. त्यात उत्तर असतं, कारण नसतं.

मग कागद घेतला. एकच वेट w धरलं. नुसत्या डेटाला ते a हवंय, म्हणून लॉस (w−a)²/2. एल-वनचा दंड λ|w|, एल-टूचा λw²/2, आणि दंडाचा जोर λ = 1. लॉस आणि दंडाची बेरीज सगळ्यात कमी होईल ते w शोधायचं.

a = 0.5 असताना एल-वननं w थेट 0 येतं, एल-टूनं 0.25. आता a = 3 घ्या: एल-वननं 2, एल-टूनं 1.5. म्हणजे मोठ्या वेटवर एल-टूच जास्त कडक! एल-वन प्रत्येकाकडून सारखीच रक्कम कापतं, त्यात छोटं वेट संपून जातं. एल-टू (1+λ) नं भागतं. भागून भागून आकडा लहान होईल, पण शून्य व्हायचा नाही. λ = 9 केलं तरी 0.5 चं 0.05 उरतंच. हे हातानं करून बघाच, वाचून डोक्यात बसत नाही.

शेवटी गेलेला मेल इंग्रजीत होता, आशय एवढाच:

"आजच्या राउंडमध्ये एल-टू वेट शून्य करतं असं मी सांगितलं, ते चूक होतं. एल-टू वेट प्रमाणात लहान करतं. एल-वन ठरावीक रक्कम वजा करतं, म्हणून छोटी वेट नेमकी शून्य होतात. त्या प्रश्नात मी एल-वन निवडेन. वेळ दिल्याबद्दल आभार."

माफी नाही, नेटवर्कची सबब नाही. घाबरू नका, असा मेल वाचून कुणी चिडत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं: "दोन फीचर हुबेहूब सारखी असतील तर?" एल-टू वेट दोघांत सारखं वाटतं, एल-वनला मात्र वाटणी कशीही केली तरी दंड तेवढाच, त्यामुळे कुठलं फीचर उरेल याचा भरवसा नाही. हे लिहायला मला अर्धाच तास लागला, कारण या वेळी कागद आधी घेतला होता.