छेदाकृतीत ज्वालामुखी नेमका कोठे काढावा?

प्लेट-सीमेची छेदाकृती काढताना बहुतेक जण आधी खाली जाणारी प्लेट रेखाटतात आणि मग भूकंपाचे ठिपके अंदाजाने पेरतात. हा क्रम उलटा करावा. ईशान्य जपानचे उदाहरण घेऊ. आडवे व उभे प्रमाण एकच, म्हणजे १ सेंमी = ५० किमी, ठेवावे. डावीकडे पश्चिम आणि उजवीकडे पॅसिफिक महासागर घेऊन सागरी गर्तेची खूण करावी. सुमारे ८ किमी खोलीची ही गर्ता या प्रमाणात जेमतेम दीड मिलिमीटर भरते, आणि ती तेवढीच दिसायला हवी.

आता गर्तेजवळ उथळ भूकंपांचे ठिपके द्यावेत आणि पश्चिमेकडे जाताना ते खोल नेत जावेत. जपानच्या समुद्राच्या पलीकडे, व्लादिवोस्तोकच्या बाजूला, ते ५०० किमीच्याही खाली पोहोचतात. या तिरप्या पट्ट्यावरूनच प्लेट काढावी. मात्र गर्तेपाशी उतार मंद आणि पुढे तीव्र ठेवावा. ठिपके ७०० किमीच्या आसपास थांबवावेत, प्लेट तेथे संपली असे मात्र दाखवू नये.

प्लेटचा माथा साधारण १०० किमी, म्हणजे कागदावर २ सेंमी, खोल जातो, त्याच्या बरोबर वर ज्वालामुखींची रांग येते. ज्वालामुखी गर्तेला चिकटला असेल, तर आकृती चुकली असे समजावे. शिलारसाची नळीही थेट प्लेटपासून काढू नये, कारण तेथे मुख्यतः प्लेटमधून सुटलेल्या पाण्यामुळे वरचे प्रावरण वितळते.