मेनूसाठी कापलेल्या ब्रेडचा फोटो: जाळी सपाट आणि साल निस्तेज येते? या चुका टाळा

अनारशाला जाळी नीट पडली का, हे बघायचं असेल तर आपण तो हातात घेऊन उजेडाकडे जरा तिरका धरतो. ट्यूबलाइटखाली ताटात सपाट पडलेल्या अनारशाची निम्मी जाळी डोळ्यांना दिसतच नाही. कापलेल्या ब्रेडचंही तसंच आहे. ब्रेडच्या आतली जाळी म्हणजे हवेची भोकं, आणि फोटोत भोक दिसतं ते त्याच्या आत पडलेल्या सावलीमुळे. सावली पुसली की जाळीही पुसली जाते आणि उरतो तो थर्माकोलसारखा पांढरा चौकोन.

मी पुण्यातल्या छोट्या बेकऱ्यांसाठी मेनूचे फोटो काढते. गेल्या डिसेंबरात एका बेकरीने दोन लोफ दिले होते: साच्यातला मिल्क ब्रेड आणि निम्मी कणीक घातलेला, साधारण 900 ग्रॅमचा गोल सावरडो. त्या दिवशी मी सकाळचे दोन तास वाया घालवले. त्या कामात जवळपास सगळ्या नेहमीच्या चुका एकत्र आल्या होत्या, म्हणून तेच उदाहरण घेते.

गरम लोफ कापणं

सावरडो भट्टीतून आठला बाहेर आला आणि मी साडेआठला सुरी लावली. वाफा दिसतील, ताजेपणा दिसेल, असा हिशेब होता. वाफ कॅमेऱ्यात आलीच नाही. जाळी मात्र सुरीला चिकटून फरफटली. बेकरीवाले काका शेजारीच उभे होते. म्हणाले, "ताई, अजून आत शिजतोय तो. दहाच्या आधी हात लावू नका."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. भट्टीतून काढल्यावरही लोफच्या पोटात बराच वेळ उष्णता आणि ओल असते, आणि मऊ झालेला स्टार्च थंड होत जाताना घट्ट होतो. तोवर कापलं तर भोकांच्या भिंती सुरीखाली दबून एकमेकींना चिकटतात. फोटो मोठा करून बघितला की कापलेल्या बाजूवर ओलसर, चकचकीत पट्टे दिसतात. ते पट्टे कुठल्याही उजेडाने जात नाहीत. एवढ्या वजनाच्या लोफला जाळीच्या स्टँडवर निदान दोन तास द्या. मिल्क ब्रेड लहान असेल तर थोडं लवकर चालतं, पण तळाला हात लावल्यावर कोमट लागत असेल तर थांबा.

सुरी लांब, दात्यांची हवी. दाबायचं नाही, करवतीसारखी पुढेमागे ओढायची, आणि प्रत्येक कापानंतर पातं पुसायचं. आधीच्या कापाचा चुरा पात्याला राहिला की तो पुढच्या स्लाइसच्या भोकांत भरतो. भोकांत गेलेला चुरा कोरड्या, मऊ ब्रशने अलगद काढता येतो. फुंकर मारू नका, चुरा आणखी आत जातो.

कापलेली बाजू फार लवकर सुकते, पंख्याखाली तर काही मिनिटांतच कडा आक्रसायला लागतात. म्हणून उजेड, फळी, फोन सगळं आधी न कापलेल्या लोफवर जमवून घ्या. पंखा बंद करा आणि शेवटी कापा. पहिला काप बाजूला ठेवायचा, कारण टोकाजवळची जाळी नेहमीच दाट असते. लोफच्या मधोमध जाऊन जो काप निघेल तो मेनूचा.

मऊ उजेड म्हणून चारी बाजूंनी उजेड

माझी त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती सगळ्यात जास्त जण करतात. मऊ उजेड हवा म्हणून मी खिडकी उघडली, वरच्या चारही ट्यूबलाइट चालू ठेवल्या आणि समोरून पांढरा थर्माकोलही धरला. उजेड खरोखर मऊ होता. एकही कडक सावली नव्हती, आणि त्यामुळेच जाळीही नव्हती.

उजेडाचा मऊपणा आणि उजेडाची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तूच्या मानाने उजेड येतो ती जागा मोठी असली की उजेड मऊ होतो, म्हणजे सावलीची कड हळूहळू विरत जाते. पण तो एकाच बाजूने यायला हवा. सावरडोला हवी विरत जाणारी सावली. सावलीच नसेल तर मऊपणाचा काही उपयोग नाही.

काका दहा वाजता दुसरा लोफ घेऊन आले तेव्हा मी मांडणी बदलली. सगळ्या ट्यूबलाइट बंद केल्या. टेबल खिडकीपासून अडीच फुटांवर घेतलं. खिडकी साधारण तीन फूट रुंद होती, तिच्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवला. पांढरी मलमलही चालते. टेबल सहा फूट मागे नेलं असतं तर त्याच खिडकीचा उजेड अंधूक आणि जास्त कडकही झाला असता, कारण लोफच्या दृष्टीने खिडकी लहान झाली असती. ऊन थेट येत नाही म्हणून उत्तरेची खिडकी चांगली, हा सल्ला हिवाळ्यात बरोबर आहे. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतही तिरकं ऊन येतं. तेव्हा कागद लागतोच.

मग महत्त्वाचा भाग. स्लाइसमधलं एक मध्यम भोक निवडा आणि फक्त त्याच्याकडे बघत फळी हळूहळू फिरवा. कापलेली बाजू खिडकीकडे सरळ तोंड करून असेल तर भोक तळापर्यंत उजळतं आणि उथळ डागासारखं दिसतं. फळी फिरवत गेलं की भोकाची खिडकीकडची भिंत काळवंडते आणि पलीकडची भिंत उजळते. तिथे भोकाला खोली येते. फारच फिरवली तर पूर्ण काप सावलीत जातो. उजेड कापलेल्या बाजूवरून घासून जायला हवा, पण त्या बाजूला किंचित तरी लागायला हवा. त्या दिवशी ही जागा सापडायला मला पाचेक मिनिटं लागली, आणि त्या पाच मिनिटांत फोटो सुधारला तेवढा नंतरच्या कुठल्याही एडिटिंगने सुधारला नाही.

समोरचा थर्माकोल काढून मी तिथे काळा कार्डपेपर उभा केला. मिल्क ब्रेडची जाळी बारीक असते, तिच्या सावल्या पांढऱ्या भिंतीवरून परतणाऱ्या उजेडानेही भरून जातात. काळा कागद तो परतणारा उजेड पिऊन टाकतो. सावरडोची भोकं मोठी, तिथे मात्र काळ्या कागदाने भोकं गुहांसारखी दिसायला लागली, म्हणून तो दीड फूट लांब सरकवला. मिल्क ब्रेडचा एक तुकडा न कापता हाताने फाडूनही ठेवा. त्याचे उभे रेशमी धागे सुरीच्या कापात कधीच दिसत नाहीत.

सालीचा रंग दुरुस्त करायला जाऊन बिघडवणं

भट्टीत साल तांबूस होते ती मुख्यतः प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या प्रक्रियेने. दूध आणि साखर असलेल्या मिल्क ब्रेडची साल लवकर, एकसारखी मधाच्या रंगाची होते. सावरडोच्या सालीवर मात्र एकाच लोफमध्ये मध, गूळ आणि भाजण्याआधी पात्याने दिलेल्या चिरेवर जवळपास कॉफी असे तीन-चार रंग असतात. फोटोत हा फरक टिकला तरच साल खरपूस वाटते.

तो फरक जातो दोन ठिकाणी. पहिलं, मिसळलेला उजेड. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा पिवळा किंवा हिरवट, आणि फोनला दोन्हींचा एकाच वेळी मेळ घालता येत नाही. म्हणून दिवे बंद. समोरच्या इमारतीला पोपटी रंग असेल तर तोही उजेडाबरोबर आत येतो, तेव्हा खिडकी बदला.

दुसरं ठिकाण एडिटिंगचं. ॲपमध्ये पांढरा रंग निवडायला सांगतात तेव्हा बरेच जण ब्रेडच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवतात. पण ब्रेडचा गर पांढरा नसतो, सायीसारखा असतो, कणकेचा असेल तर आणखी पिवळट. त्याला पांढरा धरलं की पूर्ण फोटो निळसर होतो आणि साल राखाडी पडते. मग साल उजळायला सॅच्युरेशन वाढवलं जातं आणि ती नारिंगी होते. मीही पूर्वी हे केलं आहे. साधा उपाय म्हणजे पहिल्या फोटोत लोफशेजारी पांढरा साधा कागद ठेवायचा, त्याच्यावरून रंग ठरवायचा आणि तोच बदल बाकीच्या फोटोंना लावायचा. सॅच्युरेशनला हात लावायची गरज सहसा पडत नाही. क्लॅरिटी आणि शार्पनेसही कमीच, कारण त्याने गर दगडासारखा कोरडा वाटतो.

फोनच्या मदतीचा त्रास

फ्रेमभर फिकट ब्रेड असला की फोन उजेड कमी करतो आणि गर मळका राखाडी येतो. कापलेल्या बाजूवर बोट दाबून ठेवून फोकस कुलूपबंद करा आणि उजेड थोडा वर सरकवा. फोटो मोठा करून सर्वांत उजळ जागी पोत दिसतोय तोवरच. फोन HDR बंद करू देत असेल तर बंद करा, कारण तो सावल्या आपणहून भरतो. पोर्ट्रेट मोड स्लाइसच्या चुरचुरीत कडा धूसर करतो, तोही नको. अगदी जवळ जाऊन नेहमीच्या लेन्सने काढलं तर पुढची स्लाइस फुगलेली दिसते, त्यापेक्षा दोन पावलं मागे जाऊन 2x वापरा.

फोटोची नसलेली चूक

सगळं जमूनही स्लाइसच्या तळाशी दाट, ओलसर पट्टा दिसत असेल, किंवा वरच्या सालीखाली एकच मोठी पोकळी आणि बाकी गर घट्ट असेल, तर ती गोष्ट उजेडाची नाही. बहुतेक वेळा पीठ पुरेसं फुगायच्या आधी भट्टीत गेलेलं असतं, किंवा लोफ आतून कच्चा राहिलेला असतो. काकांच्या पहिल्या मिल्क ब्रेडला तसा पट्टा होता. मी तो फ्रेमबाहेर ठेवणार होते, पण त्यांनीच लोफ उचलला आणि दुसऱ्या दिवशी नवा केला. मेनूतल्या ओळीतही मग त्यांनी जे दिसतंय तेवढंच लिहिलं: मिल्क ब्रेडला "बारीक जाळी, पातळ साल", सावरडोला "मोकळी जाळी, गडद खरपूस साल". आधीच्या मेनूत दोन्हींना "मऊ आणि जाळीदार" लिहिलेलं होतं, आणि मऊ म्हणून सावरडो नेलेली गिऱ्हाइकं तो कडक म्हणून परत आणत असत.

छपाईआधी एक पान त्याच कागदावर काढून बघा. काकांचा मेनू चकाकी नसलेल्या जाड कागदावर होता. शाई कागदात मुरली आणि स्क्रीनवर कॉफीच्या रंगाची दिसणारी चीर काळी जळकी छापली गेली. मी फक्त सालीचा गडद भाग थोडा उजळ केला, गराला हात लावला नाही, आणि दुसरं पान काढलं. त्यावर चिरेतल्या रेषा पुन्हा दिसायला लागल्या होत्या.