तुमचा रोल कोणता? आधी तुम्ही कसे मरता ते लिहून काढा

माझा मावसभाऊ कळव्याला राहतो. दर शनिवारी ठाणे स्टेशनजवळच्या एका गेमिंग कॅफेत त्यांची पाच जणांची टीम व्हॅलोरंट खेळायला बसते. तो सहा महिने जेट हे पात्र, म्हणजे एजंट, घ्यायचा. निशाण चांगलं, हात वेगवान, तरी टीम हरायची आणि बोलणी त्यालाच बसायची. रोल चुकला होता, आणि ते कळायला आम्हाला एक वही पुरली.

आधी रोल समजून घ्या. व्हॅलोरंटमध्ये चार आहेत. जेटसारखा ड्युएलिस्ट सगळ्यांच्या आधी साइटवर, म्हणजे स्पाईक हा बॉम्ब लावायच्या जागेवर, घुसतो. इनिशिएटर फ्लॅश टाकून किंवा शत्रू कुठे आहे ते शोधून ड्युएलिस्टची वाट मोकळी करतो. कंट्रोलर धुराने शत्रूची नजर अडवतो. सेंटिनल मागची बाजू आणि साइट राखतो. वर्णन वाचून सगळ्यांना ड्युएलिस्टच व्हावंसं वाटतं, म्हणून वर्णनावरून निवडू नका. प्रत्येक रोलमध्ये वाट कधी बघावी लागते आणि मरण कधी येतं, यावरून निवडा.

आता वही घ्या. तीन मॅच नेहमीसारख्या खेळा आणि प्रत्येक राउंडनंतर दोनच गोष्टी लिहा: मेलात तेव्हा घड्याळात किती वेळ उरला होता, आणि सोबती किती अंतरावर होता. राउंड 1:40 पासून उलटा मोजला जातो, त्यामुळे मरताना वर नजर टाकली की आकडा मिळतो. स्पाईक लावल्यावर ते घड्याळ दिसत नाही, तेव्हा नुसतं ‘स्पाईकनंतर’ लिहा.

भावाची वही अशी निघाली. एका मॅचमध्ये हल्ल्याच्या बारा राउंडपैकी आठमध्ये तो शेवटच्या वीस सेकंदांत किंवा स्पाईकनंतर मेला होता. म्हणजे दार उघडायचं काम त्याचं, आणि तो आत जायचा सगळ्यांच्या मागून. स्कोअरबोर्डवर फर्स्ट ब्लडचा, म्हणजे राउंडमधल्या पहिल्या किलचा, रकाना असतो, तिथे त्याच्या नावापुढे शून्य. मी विचारलं तर म्हणाला, “दादा, कोपरा बघितल्याशिवाय पाय उचलतच नाही रे.” ही भीती नव्हे. तो बुद्धिबळातही घड्याळ संपेपर्यंत विचार करणारा मुलगा आहे.

वहीत तुम्ही वारंवार पहिल्या तीस-चाळीस सेकंदांत मरत असाल आणि सोबती जवळ असेल, तर ड्युएलिस्ट तुम्हाला जमेल. तुम्हाला मारणारा लगेच सोबत्याच्या गोळीने पडला, म्हणजे ट्रेड मिळाला, तर ते मरण वाया गेलं नाही. मात्र लवकर आणि एकटेच मरत असाल, तर तो उतावळेपणा आहे. रोल बदलून तो जाणार नाही. सतत बोलत राहणाऱ्याने, ‘आता फ्लॅश टाकतो, चल’ असं सांगून सोबत्याला किल मिळाली की खूश होणाऱ्याने इनिशिएटर घ्यावा. रिकाम्या गल्लीवर मिनिटभर नजर ठेवूनही ज्याचं चित्त ढळत नाही त्याने सेंटिनल. एक सावधगिरी: सायफर हा सेंटिनल मेला की त्याने लावलेल्या सापळ्याच्या तारा बंद पडतात, म्हणून इथे किलपेक्षा जगणं महत्त्वाचं.

भावाला आम्ही ओमेन हा कंट्रोलर दिला. असेंट नकाशावर ए साइटवर जाताना शत्रू मुख्यतः दोन जागांवरून बघतो, हेवन आणि ट्री. ओमेनकडे धुराचे दोन गोळे असतात आणि ते सुमारे पंधरा सेकंद टिकतात. टीम ए मेनच्या तोंडाशी येऊन थांबली, की त्याने दोन्ही जागा झाकायच्या आणि मगच “चला” म्हणायचं. पहिल्या शनिवारी त्याने धूर फार लवकर टाकला. टीम आत पोचेपर्यंत तो विरत आला होता आणि तिघे हेवनमधून पडले. पुढच्या वेळी ड्युएलिस्टने “तयार” म्हटल्यावर टाकला. जी सवय जेटला नडत होती, तीच इथे कामाला आली.

डोटा 2 सारख्या खेळातही हीच वही चालते, फक्त प्रश्न बदलतो. तिथे एक नंबरचा खेळाडू, म्हणजे कॅरी, बराच वेळ क्रीप नावाच्या छोट्या सैनिकांवर शेवटचा घाव घालून सोनं साठवत बसतो, आणि पाच नंबरचा सपोर्ट ते सोनं त्याला सोडून नकाशावर नजर ठेवणारे वॉर्ड लावत फिरतो. तेव्हा लिहा: सोबती पलीकडे मार खात असताना तुम्ही सोनं सोडून धावलात का? दर वेळी धावत असाल, तर कॅरी घेऊ नका; सपोर्टमध्ये ती धाव उपयोगी पडते.

रोल ठरला की एकच एजंट घेऊन दहा मॅच खेळा, मध्ये बदलू नका. मग वही पुन्हा तीन मॅच भरा. भावाचा फर्स्ट ब्लडचा रकाना अजूनही जवळपास रिकामा असतो, आता त्याला कोणी त्याबद्दल विचारत नाही, “धूर कधी?” एवढंच विचारतात.