बातमीत ‘विसर्ग’ नको, ‘पाणी सोडलं’ म्हणा

‘पाणलोट क्षेत्रातील पर्जन्यवृष्टीमुळे धरणातून विसर्ग करण्यात येत असून नागरिकांनी नदीपात्रात प्रवेश करू नये’ हे प्रसिद्धिपत्रकातलं वाक्य रेडिओवर जसंच्या तसं वाचू नका. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. ‘विसर्ग’पाशी तो अडला की पुढचा इशारा निसटतो. आधी नेमकं काय घडतंय ते शोधा, मग लिहा: ‘धरणाच्या वरच्या भागात जोराचा पाऊस आहे. म्हणून धरणातून नदीत पाणी सोडलं जात आहे. कोणीही नदीत उतरू नये.’ एकाची तीन वाक्यं झाली तरी चालतील.

नुकसानभरपाईच्या बातमीत ‘अतिवृष्टी’ मात्र तशीच ठेवा. तिथे तिचा सरकारी निकष आहे: २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. ‘मुसळधार’ म्हटलंत की तो गळतो.