👍 टाकण्याआधी: दर आणि तारीख असलेल्या चॅटची तयारी

आमचा खोक्यांचा धंदा, म्हणजे कोरुगेटेड बॉक्स, आणि ऑर्डरींपैकी निम्म्याहून जास्त व्हॉट्सअॅपवरच येतात, कोणी पीओचा म्हणजे खरेदी ऑर्डरचा फोटो टाकतं, कोणी नुसतं "4000 नग, मागचाच दर, 20 तारखेला" असं लिहितं. मागे एकदा भाच्याने काउंटरवरून अशाच एका फोटोला अंगठा टाकला, त्याच्या मते "बघितलं मामा", गिऱ्हाइकाच्या मते "पक्कं", आणि मधल्या काळात खोक्यांच्या क्राफ्ट पेपरचा भाव चढला होता. भांडण नको म्हणून जुन्या दरानेच माल दिला. तेव्हापासून मी ही तयारी करतो आणि भाच्याकडूनही करून घेतो.

आधी कॅनडाची केस नीट माहिती करून घ्या, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. सस्कॅचेवान प्रांत, मार्च 2021. धान्य घेणाऱ्या साऊथ वेस्ट टर्मिनल कंपनीच्या माणसाने शेतकऱ्यांना मेसेज टाकला की जवस घ्यायचंय, 17 डॉलर बुशेल, बुशेल म्हणजे तिकडचं धान्याचं माप. एका शेतकऱ्याशी फोनवर बोलणं झालं, मग कंपनीच्या माणसाने 86 टन जवसाचा करार तयार केला, त्यावर स्वतः पेनाने सही केली, मोबाईलने फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं की जवसाचा करार कन्फर्म करा. शेतकऱ्याकडून 👍 आला, बस्स. नोव्हेंबर आला, माल आला नाही, आणि तोवर जवस 41 डॉलरवर गेलं होतं. कंपनी कोर्टात गेली. शेतकरी म्हणाला की मी फक्त फोटो मिळाला एवढंच सांगितलं, पूर्ण करार फॅक्स किंवा ईमेलने येईल म्हणून थांबलो होतो. जून 2023 मध्ये कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, भरपाई 82,200 डॉलर आणि वर व्याज. हिशोब सोपा आहे, बुशेलमागे 24 डॉलरचा फरक आणि 86 टन म्हणजे साधारण 3,386 बुशेल, करून बघा, आकडा तिथेच जवळपास येतो.

आता यातून पहिली तयारी, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी: त्या पार्टीबरोबरचं जुनं चॅट वर स्क्रोल करून वाचा. शेतकरी हरला तो निव्वळ अंगठ्यामुळे नाही. आधीही त्याच कंपनीने त्याला असेच करारांचे फोटो पाठवले होते, त्याने कधी "ओके", कधी "यप", कधी "लुक्स गुड" एवढंच उत्तर दिलं होतं आणि माल मात्र पोचवला होता. कोर्टाने विचारलं ते थोडक्यात असं, की हे सगळं पाहिलेल्या समजदार तिऱ्हाइताला हा अंगठा काय वाटेल? तर तोच जुना होकार, फक्त शब्दांऐवजी चित्रात. म्हणून तुमच्या चॅटमध्ये "हो चालेल" किंवा नुसत्या "ओके"वर आजवर किती वेळा गाडी भरून गेली ते मोजा. पाच वेळा गेली असेल तर सहाव्या वेळचा अंगठा "बघितलं" होता हे पटवणं फार अवघड आहे. ही सवय मोडायची असेल तर आधी सांगून मोडा, म्हणजे एक सरळ मेसेज टाका की इथून पुढे आमच्या लेटरहेडवरचं कन्फर्मेशन गेल्याशिवाय ऑर्डर पक्की नाही. आणि टाकल्यावर तसंच वागा, नाहीतर तो मेसेज तुमच्यावरच उलटतो.

दुसरं, अंगठा कशाच्या खाली पडतोय ते बघा. समोरच्या मेसेजमध्ये माल, नग, दर, तारीख हे सगळं आहे आणि शेवटी "कन्फर्म करा" आहे, तर तिथे अंगठा टाकणं म्हणजे कागद पुढे सरकवल्यावर मान डोलावणं. त्याउलट "उद्या सॅम्पल घेऊन येतो" याखालच्या अंगठ्याने कोणी अडकत नाही. कधीकधी करार होत नाही पण पैसे तरी जातातच, इस्रायलमध्ये घर भाड्याने घ्यायला निघालेल्या जोडप्याने घरमालकाला नाचणारी बाई, शॅम्पेनची बाटली, खारूताई असलं काय काय पाठवलं, त्याने घराची जाहिरात काढून टाकली आणि मग हे गायब झाले. 2017 ला कोर्ट म्हणालं करार झाला नाही, पण तुम्ही त्याला भरवशावर ठेवलंत, द्या 8,000 शेकेल.

तिसरं म्हणजे आपल्याकडे काय, आणि इथे बरेच जण गैरसमजात असतात की सही नाही तर काही नाही. कॅनडात खरा वाद सहीचाच होता, कारण तिथल्या माल-विक्रीच्या कायद्याला 50 डॉलरच्या वर सही केलेला लेखी पुरावा लागतो. डिसेंबर 2024 ला अपील फेटाळलं गेलं तेही दोन विरुद्ध एक, आणि विरोधातल्या न्यायाधीशांचं म्हणणं सहीबद्दलच होतं, की नुसता अंगठा म्हणजे सही कशी? आपल्या 1930 च्या माल-विक्री कायद्यात मालासाठी अशी अटच नाही, तोंडी सौदाही चालतो, 1872 च्या करार कायद्यात होकार शब्दांशिवायही देता येतो आणि आयटी कायद्याचं 10अ कलम म्हणतं की करार इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्यावरून तो बाद होत नाही. म्हणजे सहीची पळवाट आपल्याला नाहीच. आपल्याकडे वाद होईल तो अर्थाचा. मद्रास हायकोर्टाने 2024 मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या केसमध्ये म्हटलं की अंगठा "ओके"सारखा, मेसेज पाहिला एवढाही असू शकतो. पण ती नोकरीतल्या शिस्तीची केस होती, सौद्याची नाही, तिच्यावर विसंबून निवांत झोपू नका.

होकाराला अट जोडायची असेल तर ती त्याच मेसेजमध्ये जोडा. करार कायद्याचं 7 वं कलम म्हणतं होकार बिनशर्त हवा, म्हणून "👍 पण दर 38 नाही 41" हा होकार नाही, तो तुमचा नवा प्रस्ताव. मात्र आधी नुसता अंगठा आणि तासाभराने "दर 41 हां" असं केलंत तर समोरचा म्हणणार, सौदा तर तासापूर्वीच झाला.

पुराव्याची तयारी ज्याला अंगठा येतो त्यानेही करावी. वेगळा मेसेज म्हणून पाठवलेला अंगठा आणि मेसेज दाबून धरून दिलेली रिअॅक्शन यात फरक आहे, रिअॅक्शन समोरचा नंतर काढूही शकतो. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतः बघा ती त्यात उतरते का. मोठी ऑर्डर असेल तर मी सरळ लिहितो, "तुमचा 👍 म्हणजे ऑर्डर पक्की धरतोय, 4000 नग, 41 रुपये, 20 तारीख, बरोबर?" आणि शब्दात "हो" आल्याशिवाय कागद कापायला घेत नाही. वाद दिसायला लागला की फोन फॉरमॅट करू नका, विकू नका, कोर्टात चॅट द्यायचं तर नव्या साक्ष कायद्याच्या 63 कलमाचं सर्टिफिकेट लागतं आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर वकील खूश होत नाही.

शेवटचं, दुकानाचा फोन कोणाकोणाच्या हातात असतो? समोरच्याला दिसतो तो नंबर, भाचा नाही. आम्ही व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय सेट केलाय, भाचा स्लॅश मारून एक अक्षर टाकतो की आख्खा मेसेज येतो: "पीओ मिळाला. दर आणि तारीख बघून कळवतो. आम्ही कळवेपर्यंत ऑर्डर पक्की धरू नये." पहिल्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यालाच अंगठा दिला.