आरंभीच्या शिल्लकेपासून अखेरच्या शिल्लकेपर्यंत: सोसायटीच्या हिशेबाचा वॉटरफॉल चार्ट

आमच्या कार्यालयात गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिले जातात. मार्च संपला की वर्षाची पत्रकं तयार होतात, आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत ती सभासदांपुढे ठेवली जातात. सभेत विचारला जाणारा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "वर्षाच्या सुरुवातीला बँकेत इतके पैसे होते, आता इतकेच का?" ताळेबंदात याचं उत्तर असतं, पण ते शोधायला हिशेबाची सवय लागते. वॉटरफॉल चार्ट तेच उत्तर एका नजरेत देतो. डावीकडे आरंभीची शिल्लक, मग प्रत्येक जमेने वर चढणारा आणि प्रत्येक खर्चाने खाली उतरणारा स्तंभ, आणि उजवीकडे अखेरची शिल्लक. या कामात नव्याने आलेल्यांसाठी तो कसा उभा करायचा, हे एका नमुना सोसायटीच्या आकड्यांवरून सांगतो.

सोसायटी ४० सदनिकांची, देखभाल वर्गणी महिना ३,००० रुपये. १ एप्रिलला बँक आणि रोख मिळून शिल्लक ४.८० लाख होती. शीटमध्ये A स्तंभात नाव आणि B मध्ये रक्कम लाखांत, खर्च उणे चिन्हाने, अशी मांडणी केली.

| ओळ | तपशील | लाख रुपये |
|---|---|---|
| २ | आरंभीची शिल्लक | ४.८० |
| ३ | देखभाल वर्गणी जमा | १३.६५ |
| ४ | व्याज व इतर जमा | १.१५ |
| ५ | रक्षक व सफाई पगार | −६.६० |
| ६ | वीज व पाणी | −३.१० |
| ७ | लिफ्ट | −१.४५ |
| ८ | वॉटरप्रूफिंग | −३.७५ |
| ९ | विमा, लेखापरीक्षण, इतर | −०.९० |
| १० | ठेवीपूर्वीची शिल्लक | ३.८० |
| ११ | मुदत ठेवीत गुंतवले | −२.५० |
| १२ | अखेरची शिल्लक | १.३० |

यातली तिसरी ओळ नीट पाहा. ४० सदनिका, ३,००० रुपये, १२ महिने, म्हणजे वर्गणी १४.४० लाख व्हायला हवी. इथे १३.६५ आहे, कारण ७५ हजार थकबाकी अजून आलेली नाही. वॉटरप्रूफिंगचंही तसंच. कंत्राटदाराचं बिल ५ लाखांचं होतं, ३१ मार्चपर्यंत त्यातले ३.७५ दिले, १.२५ देणे राहिलं. नवीन माणूस सहसा टॅलीतून उत्पन्न-खर्च पत्रक काढतो आणि त्यातले आकडे चार्टला देतो, कारण ते पत्रक हाताशी तयार असतं. तिथेच चार्ट बिघडतो. त्या पत्रकात वर्गणी १४.४० दिसते, वॉटरप्रूफिंग ५.०० दिसतं, शिवाय घसारा ४० हजार असतो, जो खिशातून जातच नाही. आणि मुदत ठेव तिथे नसतेच, कारण ठेव हा खर्च नव्हे. या आकड्यांनी बेरीज केली तर अखेरची शिल्लक २.९० लाख येते. रोकड वही आणि बँक वही मिळून सांगतात १.३० लाख.

हा १.६० लाखांचा फरक कुठला, हे एकदा हाताने सोडवून पाहा. न आलेली थकबाकी ०.७५ आणि न धरलेली ठेव २.५०, यांनी शिल्लक फुगली. न दिलेलं बिल १.२५ आणि घसारा ०.४०, यांनी ती घटली. ३.२५ वजा १.६५ म्हणजे बरोबर १.६०. ज्या चार्टची सुरुवात आणि शेवट शिल्लक आहे, त्याच्या मधल्या ओळी जमा-खर्च पत्रकातून, म्हणजे प्रत्यक्ष आलेल्या आणि गेलेल्या पैशातूनच घ्याव्या लागतात. शिल्लक पासबुकातली धरू नका, वहीतली धरा. मार्चच्या शेवटी दिलेले, पण न वटलेले धनादेश पासबुकात दिसत नाहीत. बँक ताळमेळ आधी झालेला असला की हा प्रश्न उरत नाही.

दोन शिलकी कधीही हाताने टाइप करू नयेत. त्या सूत्राने याव्यात, आणि वहीतली अखेरची शिल्लक H2 मध्ये वेगळी लिहून पडताळणी ठेवावी:

```
B10:  =SUM(B2:B9)
B12:  =B10+B11
H3:   =ROUND(B12-H2,2)
```

H3 मध्ये शून्य आल्याशिवाय चार्टकडे वळायचं नाही, हा आमच्याकडे नियमच आहे. चार्ट काढल्यावर चूक शोधणं फार अवघड जातं, कारण चुकीच्या आकड्यांचा चार्टही दिसायला तितकाच नीटनेटका असतो.

रकमा लाखांत का घेतल्या, तेही सांगतो. एक्सेलच्या अक्षावर एकक बदलायची सोय आहे आणि त्यात 100000 हा पर्यायही आहे, पण "लाख" असं नाव तिथे नाही. लाखाच्या स्वल्पविरामांसाठी अटींचा खास नंबर फॉरमॅट लिहिता येतो, मात्र दोन अटी अधिक रकमांसाठी खर्ची पडतात आणि उणे रकमांना पुन्हा हजाराचे स्वल्पविराम लागतात. चार्टमध्ये निम्म्याहून अधिक स्तंभ उणे असतात. त्यापेक्षा मूळ रक्कम एका शीटमध्ये रुपयांत ठेवावी, चार्टच्या शीटमध्ये तिला १,००,००० ने भागावं आणि शीर्षकात "लाख रुपये" लिहावं.

आता प्रत्यक्ष चार्ट. एक्सेल २०१६ पासून तो तयार मिळतो: A आणि B मधली माहिती निवडा, Insert मध्ये जा, चार्टच्या गटात Waterfall घ्या. (माहिती पिव्हट टेबलमध्ये असेल तर हा प्रकार चालत नाही, ती आधी साध्या रकान्यांत चिकटवा.) पहिल्या झटक्यात येणारा चार्ट चुकीचा असतो, आणि तो कसा चुकीचा असतो हे ओळखता आलं पाहिजे. एक्सेलला १० वी आणि १२ वी ओळ शिल्लक आहे हे कळत नाही. तो त्यांना आणखी एक जमा समजतो. त्यामुळे ठेवीपूर्वीची शिल्लक ३.८० वरून सुरू होऊन ७.६० पर्यंत चढते, ठेवीने ती ५.१० वर येते आणि अखेरची शिल्लक ५.१० ते ६.४० अशी हवेत तरंगते. शेवटचा स्तंभ जमिनीला टेकलेला नसेल तर काम अपुरं आहे.

उपाय सोपा आहे. त्या स्तंभावर एकदा क्लिक केलं की सगळे स्तंभ निवडले जातात, पुन्हा क्लिक केलं की तो एकटा निवडला जातो. मग उजवं क्लिक करून Set as Total. ठेवीपूर्वीच्या आणि अखेरच्या शिलकेसाठी हे करायचंच. आरंभीच्या शिलकेसाठीही मी करतो. ती तशी शून्यापासूनच उभी असते, पण न केल्यास तिला जमेचा रंग मिळतो आणि सभासदाला वाटतं की ४.८० लाखही याच वर्षी आले. गूगल शीट्समध्येही वॉटरफॉल आहे. तिथे शेवटची बेरीज तो स्वतःच जोडतो, म्हणून अखेरच्या शिलकेची ओळ निवडीत घेतली तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते.

जुनं एक्सेल असेल तर एकावर एक रचलेले स्तंभ वापरून हेच साधतं. C मध्ये चालती शिल्लक ठेवा (C2 म्हणजे B2), D मध्ये अदृश्य पाया, E मध्ये वाढ, F मध्ये घट:

```
C3:  =C2+B3
D3:  =MIN(C2,C3)
E3:  =MAX(B3,0)
F3:  =MAX(-B3,0)
```

चार्टमध्ये D, E, F घ्यायचे आणि D ला No fill द्यायचं. शिलकीच्या ओळींसाठी चौथा रकाना करून पूर्ण रक्कम तिथे लिहायची, त्या ओळींत D, E, F रिकामे ठेवायचे. १० व्या ओळीत C मात्र फक्त वरची शिल्लक पुढे नेतो. ही युक्ती चालती शिल्लक शून्याच्या वर असेपर्यंतच खरी आहे. ओव्हरड्राफ्ट असलेल्या खात्यात शिल्लक उणे झाली की पाया चुकतो, आणि तिथे तयार वॉटरफॉलच वापरावा.

ठेवीची ओळ मी शेवटी आणि वेगळी का ठेवली? चार्टमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, असं मला वाटतं. बँकेतली शिल्लक ३.५० लाखांनी घटली. तेवढंच दाखवलं तर सभेत आरडाओरडा होणार, आणि तो अन्यायाचा असेल. जमा १४.८० आणि खर्च १५.८०, म्हणजे खरी तूट १ लाखाची. उरलेले अडीच लाख सोसायटीचेच आहेत, फक्त बचत खात्यातून ठेवीत गेले. मध्ये ३.८० चा शिलकीचा स्तंभ उभा केला की या दोन गोष्टी डोळ्यांनाच वेगळ्या दिसतात. ठेवीला खर्चाचा लाल रंग देऊ नका. तो एक स्तंभ निवडून त्याला राखाडी करा. चार्टखाली दोन ओळीही लिहाव्यात: ७५ हजार येणे, सव्वा लाख देणे. हे दोन्ही चार्टमध्ये येऊ शकत नाहीत आणि सभासदाला ते कळायला हवेत.

अक्षाला हात लावण्याचा मोह होईल. ०.९० चा स्तंभ १३.६५ शेजारी बारीक दिसतो, म्हणून कोणी अक्ष १ पासून सुरू करतो. मग ४.८० आणि १.३० यांची उंची ३.८० आणि ०.३० इतकी उरते, आणि शिल्लक जवळपास संपलेली दिसते. अक्ष शून्यापासूनच हवा. बारीक स्तंभासाठी त्यावर आकडा लिहिला की पुरे. छापील प्रती काळ्या-पांढऱ्या निघतात, त्यामुळे उणे चिन्हाचे आकडे तसेही लागतातच.

एक गैरसमज मात्र नीट मांडलेल्या चार्टमधूनही होतो. सगळ्या जमा आधी आणि सगळे खर्च नंतर असल्याने चौथ्या ओळीपाशी चार्ट १९.६० लाखांवर पोचतो. एका सभेत एका काकांनी तेवढ्याच उंचीवर बोट ठेवून विचारलं होतं, "इतके पैसे होते तेव्हाच ठेवीत का टाकले नाहीत?" इतके पैसे खात्यात कधीच नव्हते. वर्गणी वर्षभर येते, पगार वर्षभर जातो, मधल्या उंचीला तारीख नसते. शीर्षकाखाली "मधल्या उंची कोणत्याही दिवसाची शिल्लक नाहीत" असं लिहावंच.

पैसा कधी कमी पडला हा प्रश्न असेल तर दुसरा चार्ट लागतो: दर महिन्याचा एकच स्तंभ, त्या महिन्याची जमा वजा खर्च. याच सोसायटीत एप्रिलने ०.६० ची भर घातली, मेमध्ये पावसाआधी वॉटरप्रूफिंगचे पैसे गेल्याने ३.५० ची घट झाली, जूनमध्ये आणखी ०.५०. म्हणजे जूनअखेर खात्यात १.४० लाख होते. पगार आणि वीज-पाणी मिळून महिन्याला सुमारे ८१ हजार लागतात, तेव्हा दोन महिन्यांचा खर्चही हाताशी नव्हता. इथली प्रत्येक उंची मात्र खरी महिनाअखेरची शिल्लक आहे, आणि ती त्या त्या महिन्याच्या बँक ताळमेळाशी जुळवून पाहता येते. हा महिनावार चार्ट मी कार्यकारी समितीला देतो, ओळवार चार्ट सभेला.