'फोर ओव्हर फाइव्ह' घेताय? या चुका टाळा

कॅनडात शिकवणाऱ्या आपल्या मंडळींत 'फोर ओव्हर फाइव्ह'चा विषय हमखास निघतो. चार वर्षं काम करायचं, पाचवं वर्ष शिकायला मोकळं ठेवायचं आणि पगार पाचही वर्षं चालू. कागदोपत्री याला डिफर्ड सॅलरी लीव्ह प्लॅन म्हणतात. नवख्याला वाटतं, बोर्ड वर्षभर घरबसल्या पगार देतंय. तसं नसतं. तो तुमचाच मागे ठेवलेला पगार असतो: चार वर्षं दरवर्षी वीस टक्के बाजूला पडतात आणि हातात ऐंशी टक्के येतात. कायद्याची सवलत एवढीच की त्या रकमेवर आयकर लागतो तो ती हातात पडेल त्या वर्षी.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते 'ऐंशी टक्के' या शब्दाला. माझी एक सहकारी मला म्हणाली, "ताई, पाचव्या वर्षीही ऐंशी टक्के मिळणार ना?" आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. समजा पगार पहिल्या वर्षी 85,000 डॉलर, मग 88,000, 91,000 आणि 94,000. दरवर्षी वीस टक्के मागे ठेवले, तर 17,000, 17,600, 18,200 आणि 18,800, म्हणजे एकूण 71,600 जमतात. पाचव्या वर्षी तुम्ही कामावर असता, तर पगार 97,000 झाला असता आणि त्याचे ऐंशी टक्के 77,600. हातात मात्र 71,600 येणार, कारण जुन्या, कमी पगारांचे तुकडेच तिथे साठलेले आहेत. चौथ्या वर्षी 75,200 वर चाललेलं घर ऐन शिक्षणाच्या वर्षात खाली येतं आणि फी याच वर्षी भरायची असते. शिवाय बऱ्याच ठिकाणी त्या वर्षाचा दात-औषधांच्या विम्याचा हप्ता स्वतः भरावा लागतो. तोही धरा.

साठलेल्या पैशावर व्याज चढत जाईल, ही दुसरी समजूत. व्याज साठू देत नाहीत. ते दरवर्षी तुम्हाला चुकतं करतात आणि त्यावर त्याच वर्षी कर लागतो. ते खर्चून टाकू नका, वेगळ्या खात्यात ठेवा. वरची तूट थोडीफार त्यातून भरते.

आता मधेच बाहेर पडण्याबद्दल. तीन वर्षं झाली आणि आईच्या आजारपणामुळे किंवा घर घ्यायचं म्हणून योजना सोडावी लागली, तर साठलेले 52,800 एकदम परत मिळतात. ते चौथ्या वर्षी आले, तर 94,000 च्या पूर्ण पगारात मिळवून करपात्र उत्पन्न 1,46,800 दिसतं आणि वरचा थर चढ्या दराने कापला जातो. म्हणून येत्या चार वर्षांत मोठ्या रकमेची गरज दिसत असेल, तर मुळात सुरुवातच करू नका. ही काही अडीअडचणीची ठेव नव्हे.

वेळेचे नियमही कडक आहेत. पैसे मागे ठेवायला लागल्यापासून सहा वर्षांच्या आत रजा सुरू व्हायलाच हवी. 'या वर्षी प्रवेश नाही मिळाला, पुढच्या वर्षी बघू' असं किती वेळा चालेल, ते आधी मोजा. कोणत्याही वर्षी पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मागे ठेवता येत नाही, त्यामुळे एक वर्ष काम करून लगेच दुसऱ्या वर्षी रजा हे गणित बसत नाही. पूर्ण वर्षाच्या रजेसाठी किमान दोन वर्षं लागतात. रजा सलग सहा महिन्यांची तरी हवी. मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ शिकणार असाल, तर तीन महिने चालतात.

रजेत त्याच बोर्डात चार दिवस सप्लाय टीचर म्हणून जायचा मोह होतो. जाऊ नका. रजेच्या काळात त्या मालकाकडून साठवलेल्या रकमेशिवाय दुसरा पगार घ्यायचा नसतो.

तरुण मुलींना मी आणखी एक गोष्ट आवर्जून विचारते: परतल्यावर लगेच बाळाचा विचार आहे का? रजेच्या वर्षात मिळणाऱ्या पैशातून एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सचा हप्ता कापला जात नाही आणि विम्यात धरले जाणारे तासही जमत नाहीत. बाळंतपणाच्या भत्त्यासाठी साधारण मागच्या 52 आठवड्यांत असे 600 तास लागतात. रजेवरून येऊन दोनच महिन्यांत बाळंतपणाची रजा घेतली, तर तास कमी पडतात आणि अर्ज नाकारला जातो. मधे निदान पाच-सहा महिने पूर्णवेळ काम होईल अशी आखणी करा.

आणि शिक्षण संपताच दुसरी, जास्त पगाराची नोकरी धरायचा बेत असेल, तर सही करू नका. जेवढी रजा, निदान तेवढा काळ परत कामावर राहावं लागतं. त्याच मालकाकडे, किंवा तशाच योजनेत सामील असलेल्या दुसऱ्याकडे.